रिजेक्शन शून्य धरायचं की पाच टक्के? स्टँडर्ड कॉस्ट ठरवताना आणि बदलताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात, जा आणि विचारा, "या दहा किलोच्या कास्टिंगला खर्च किती यायला हवा?" साच्याची रचना ठरवणारा मेथड्सचा इंजिनिअर एक आकडा सांगेल, प्रॉडक्शनचा मॅनेजर त्याहून मोठा सांगेल आणि अकाउंट्समध्ये तिसराच निघेल. गंमत म्हणजे तिघेही खरं बोलत असतात. इंजिनिअर सांगतो ते सगळं बिनचूक झालं तर. मॅनेजर सांगतो ते नीट काम झालं तर. अकाउंट्सवाला सांगतो ते गेल्या वर्षी जे झालं ते. आता "यायला हवा" याचा अर्थ या तिघांपैकी कुणाचा घ्यायचा, एवढं ठरलं की स्टँडर्ड कॉस्टचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तो आकडा कधी बदलायचा.

स्टँडर्ड कॉस्ट म्हणजे माल बनवण्याआधीच ठरवून ठेवलेला खर्च. किती किलो धातू लागेल, कुठल्या भावाने लागेल, किती मजुरी, किती वीज, हे सगळं आधी कागदावर. महिनाअखेरीला प्रत्यक्ष खर्च त्याच्या शेजारी मांडायचा आणि जो फरक निघेल त्याला व्हेरियन्स म्हणायचं. व्हेरियन्सला अर्थ कितपत आहे हे सगळं स्टँडर्ड कसं धरलंय यावर ठरतं. स्टँडर्डच चुकीचं असेल तर व्हेरियन्सचा रिपोर्ट म्हणजे नुसती पानं.

एकच कास्टिंग घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, पण प्रमाण फाउंड्रीवाल्यांना ओळखीचं वाटेल. ग्रे आयर्नचं एक हाउसिंग, वजन 10 किलो. ते ओतायला साच्यात 16 किलो रस लागतो, कारण रनर आणि रायझरमध्ये, म्हणजे रस आत नेणाऱ्या वाटेत आणि आकसण्याची भरपाई करणाऱ्या साठ्यात, 6 किलो जातो. तो वाया जात नाही. तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. पण वितळताना काही धातू जळतो, काही स्लॅगमध्ये निघून जातो, आणि ही घट पूर्ण 16 किलोवर बसते, 10 किलोवर नाही. घट चार टक्के धरली तर 16 किलो रसासाठी भट्टीत 16.67 किलो टाकावं लागतं. म्हणजे दर साच्यामागे 0.67 किलो धातू कायमचा गेला. पिग आयर्न, स्क्रॅप आणि फेरो अलॉय मिळून मिश्रणाचा भाव किलोला 45 रुपये धरू. वाळू, बेंटोनाइट, कोअर, वीज, मजुरी, फेटलिंग म्हणजे कास्टिंगची तासून साफसफाई, हा सगळा प्रक्रियेचा खर्च साच्यामागे 300 रुपये.

आता रिजेक्शन. कास्टिंग ब्लो होलमुळे, म्हणजे आत अडकलेल्या वायूच्या पोकळीमुळे, किंवा वाळू शिरल्यामुळे बाद झालं तर धातू परत भट्टीत जातो, फारसा तोटा नाही. पण त्यावर केलेला 300 रुपयांचा प्रक्रिया खर्च गेला तो गेलाच. तो उरलेल्या चांगल्या कास्टिंगांनी उचलायचा. शंभर ओतून 95 चांगली निघाली तर चांगल्या नगामागे प्रक्रिया खर्च 300 भागिले 0.95, म्हणजे जवळपास 316 रुपये. घटही त्याच प्रमाणात वाढून 0.70 किलो होते. म्हणजे धातू 10.70 किलो, 45 च्या भावाने साधारण 481 रुपये. एकूण 797.

हाच हिशेब तीन तऱ्हांनी करता येतो. इंजिनिअरचा: रिजेक्शन शून्य, घट दोन टक्के, सगळं जसं असावं तसं. नगाला 765 रुपये. हे आदर्श स्टँडर्ड. मॅनेजरचा: रिजेक्शन पाच टक्के, घट चार टक्के, म्हणजे वर काढलेले 797. हे आवाक्यातलं स्टँडर्ड. अकाउंट्सचा: गेल्या वर्षी रिजेक्शन आठ टक्के होतं, तेच पुढे धरलं. नगाला 809. याला चालू स्थितीचं स्टँडर्ड म्हणू.

आदर्श स्टँडर्ड कागदावर फार देखणं दिसतं. मालकांना तर ते हमखास आवडतं, कारण नजर उंच असावी असं सगळ्यांनाच वाटतं. अडचण पहिल्या महिन्याअखेरीला सुरू होते. महिन्याला 5,000 नग बनतात आणि खर्च 809 नी चालला असेल तर रिपोर्टवर 2 लाख 20 हजारांचा प्रतिकूल व्हेरियन्स दिसतो. पुढच्या महिन्यात दोन लाख दहा. त्यापुढच्या महिन्यात दोन लाख तीस. वर्षभर लाल आकडा. मोल्डिंगच्या सुपरवायझरला दिवाळीपर्यंत एवढं कळलेलं असतं की काहीही केलं तरी तो लालच राहणार. मग तो बघणं सोडतो. आणि नेमक्या ज्या महिन्यात वाळूच्या मिक्सरमध्ये काहीतरी बिघडून आकडा दोन लाख वीसवरून दोन लाख साठवर गेला, तो महिना त्या लाल गर्दीत कुणाच्या नजरेत भरत नाही.

त्याहून महाग पडणारी गोष्ट कोटेशनमध्ये घडते. मार्केटिंगच्या माणसाने 765 हीच "आपली कॉस्ट" धरून त्यावर सहा टक्के नफा लावला तर भाव येतो 811. प्रत्यक्ष खर्च 809. सहा टक्क्यांच्या ऐवजी नगाला दोन रुपये सुटले, आणि तेही काही बिघडलं नाही तर. आदर्श आकडा सुधारणेचं लक्ष्य म्हणून भिंतीवर लावायला हरकत नाही. कोटेशनच्या शीटमध्ये त्याला जागा नको.

गेल्या वर्षीचं आठ टक्के रिजेक्शन तसंच उचललं तर उलटी तऱ्हा होते. व्हेरियन्स शून्याच्या आसपास, सगळे खूश, मीटिंग लवकर संपते. पण त्या आठातले तीन टक्के म्हणजे कंटाळा, साच्याला आकार देणारे जुने पॅटर्न आणि वाळूच्या तपासणीत केलेली चालढकल होती. ती आता स्टँडर्डमध्ये अधिकृतपणे जाऊन बसली. माझ्या मते आदर्श स्टँडर्डपेक्षा हे जास्त वाईट. आदर्श आकड्याशी निदान कुणीतरी भांडतं. याच्याशी कुणी भांडत नाही.

मग पाच टक्के आले कुठून? आवाक्यातलं स्टँडर्ड म्हणजे आदर्श आणि चालू यांच्या मधला सोयीचा आकडा नव्हे. ते याच यंत्रांवर, याच माणसांनी, नीट लक्ष देऊन काम केलं तर सातत्याने मिळू शकेल असं हवं. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांचं रिजेक्शन काढायचं, पण दोन गोष्टी सांभाळून.

पहिली, रिजेक्शन सापडलं त्या महिन्यात नव्हे, ओतलं त्या महिन्यात मोजायचं. बरीच ब्लो होल कास्टिंगच्या कातडीखाली दडलेली असतात आणि ग्राहकाच्या मशिन शॉपमध्ये टूल लागलं की उघडी पडतात. तोवर महिना-दीड महिना गेलेला असतो. ऑगस्टमध्ये ग्राहकाने पैसे कापले त्या डेबिट नोटमधली कास्टिंगं जूनच्या हीटची, म्हणजे भट्टीच्या जूनमधल्या घाण्याची, असतात. कास्टिंगवर हीट नंबर असतो तो याचसाठी, आणि हिशेब त्यावरून लावला नाही तर चांगला महिना वाईट दिसतो आणि वाईट महिना चांगला. शिवाय तिथे बाद झालेल्या नगावर फेटलिंग आणि भाडंही खर्च झालेलं असतं, म्हणून दारातच पकडलेलं रिजेक्शन आणि ग्राहकाकडचं रिजेक्शन यांचे आकडे वेगळे ठेवलेले बरे.

दुसरी, कारणं वेगळी करायची. समजा एका महिन्यात भट्टीचं आतलं अस्तर म्हणजे लायनिंग फुटलं आणि चार दिवसांचं काम बिघडलं. हे नेहमीचं नाही, ते बाजूला काढा. पण पावसाळ्यात गंजलेलं, ओलसर स्क्रॅप येतं आणि भट्टीतली घट वाढते, हे दरवर्षीचं आहे. ते आतच ठेवा. अशी छाननी केल्यावर समजा दिसलं की बाकी महिने सहा ते नऊ टक्क्यांत फिरलेत, पण ज्या तीन महिन्यांत वाळूची ओल आणि वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता म्हणजे परमिअ‍ॅबिलिटी दर दोन तासांनी खरोखर तपासली गेली त्यांत रिजेक्शन पाचच्या आसपास राहिलं. मग पाच टक्के हा कुणाच्या मनातला आकडा नाही. याच शेडमध्ये तो मिळवून झालेला आहे. सुपरवायझर त्यावर वाद घालू शकत नाही, आणि घाबरायचंही कारण नाही.

या स्टँडर्डवर 809 चा प्रत्यक्ष खर्च मांडला तर नगाला 12 रुपयांचा प्रतिकूल व्हेरियन्स निघतो, महिन्याला साधारण 60 हजार. हा आकडा कामाचा आहे. तो शून्यावर आणता येतो हे माहीत आहे, आणि तो लाखावर गेला तर काहीतरी नवं बिघडलंय हेही लगेच कळतं.

साठ्याच्या मूल्यांकनालाही हेच स्टँडर्ड सोयीचं पडतं. आपल्याकडचे लेखा नियम, एएस 2 असो वा इंड एएस 2, साठ्याचं मूल्य स्टँडर्ड कॉस्टने लावू देतात, पण ते प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास असेल तरच. स्टँडर्डमध्ये माल, मजुरी, कार्यक्षमता आणि क्षमतेचा वापर यांची नेहमीची पातळी धरलेली असावी आणि परिस्थितीनुसार त्याचा नियमित आढावा घेतला जावा, अशी तिथे अपेक्षा आहे. नेहमीची नासाडी साठ्याच्या किमतीत जाते. असाधारण नासाडी थेट त्या वर्षाच्या खर्चात टाकायची. फुटलेलं लायनिंग आणि रोजचे पाच टक्के यांची फारकत केली ती इथेही उपयोगी येते. 765 नी साठा दाखवला तर ऑडिटर व्हेरियन्सचा वाटा पुन्हा साठ्यावर चढवायला लावणारच.

आता बदलाकडे वळू. स्टँडर्ड कधी बदलायचं याबद्दल बहुतेक कंपन्यांत एकच नियम असतो: एप्रिलमध्ये. वर्षातून एकदा बसायचं, सगळे आकडे ताजे करायचे, पुढच्या मार्चपर्यंत हात लावायचा नाही. शिस्त म्हणून हे वाईट नाही. पण स्टँडर्डचे दोन तुकडे आहेत आणि त्यांची घड्याळं वेगळी चालतात. एक भावाचा, म्हणजे किलोला 45 रुपये. दुसरा प्रमाणाचा, म्हणजे 10.70 किलो, पाच टक्के रिजेक्शन. भाव बाजार बदलतो, प्रमाण कामाची पद्धत बदलते. दोन्हींना एकाच तारखेला बांधलं की कुठलं तरी एक नेहमी शिळं राहतं.

आधी भाव. मिश्रण जूनमध्ये 45 वरून 52 वर गेलं असं धरा. नगाला 10.70 किलो गुणिले 7, म्हणजे 75 रुपये. पाच हजार नगांवर पावणेचार लाखांचा प्रतिकूल व्हेरियन्स, आणि रिजेक्शनचे ते 60 हजार त्याच्याखाली गडप. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये सगळे पिग आयर्नवर बोलतात, वाळूवर कुणी नाही. म्हणून भाव लगेच बदलून टाकावा असा मोह होतो. इथे थोडं थांबायला हवं.

2022 साली काय झालं ते आठवा. कच्च्या मालाचे भाव चढत गेले होते, आणि मे 2022 मध्ये केंद्र सरकारने पिग आयर्नवर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं, कोकिंग कोल आणि कोकवरचं आयात शुल्क काढून टाकलं. देशातला भाव खाली यावा हाच हेतू होता आणि तो आलाही. नोव्हेंबरमध्ये ते निर्यात शुल्क पुन्हा हटवलं गेलं. ज्यांनी एप्रिलच्या चढ्या भावावर वर्षभराचं स्टँडर्ड बसवलं, त्यांच्या खरेदी विभागाला पुढचे कित्येक महिने आपोआप अनुकूल व्हेरियन्स मिळत गेला. खरेदीवाल्यांनी काही केलं नव्हतं. बाजार उतरला होता.

त्यामुळे भाव हलला की दरवेळी स्टँडर्ड बदलण्याऐवजी आधी व्हेरियन्सचे दोन भाग करावेत. जूनमध्ये बाजाराचा सरासरी भाव 53 होता आणि आपण 52 नी घेतलं असेल, तर 45 ते 53 हा आठ रुपयांचा फरक आपण वर्षाच्या सुरुवातीला बांधलेल्या अंदाजाचा. तो कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. 53 ते 52 हा एक रुपया खरेदीवाल्याने वाचवला. महिन्याच्या आकड्यांत सांगायचं तर साधारण सव्वाचार लाख नियोजनाचे प्रतिकूल, त्रेपन्न हजार खरेदीचे अनुकूल. बेरीज तीच पावणेचार लाख, पण आता खरेदीवाला विनाकारण शिव्या खात नाही आणि वाळूच्या 60 हजारांना रिपोर्टमध्ये स्वतःची ओळ मिळते. स्टँडर्ड न बदलताही हे जमतं. फक्त बाजारभावाचा एक विश्वासू स्रोत आधी ठरवून ठेवावा लागतो, नाहीतर दर महिन्याला "बाजारभाव नक्की कुठला?" हाच वाद.

मग भावाचं स्टँडर्ड प्रत्यक्षात बदलायचं कधी? वाहन उद्योगाला कास्टिंग पुरवणाऱ्यांसाठी याचं उत्तर बरंचसं ग्राहकानेच दिलेलं असतं. बऱ्याच मोठ्या ग्राहकांशी कच्च्या मालाच्या भावाची तिमाही तडजोड ठरलेली असते. ठरलेल्या निर्देशांकाप्रमाणे पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव हलला की विक्रीचा भावही हलतो. ज्या तारखेला विक्रीचा भाव बदलतो त्याच तारखेला धातूचा स्टँडर्ड भाव बदलावा. नाहीतर नव्या भावाने विक्री आणि जुन्या भावाने खर्च असं होऊन नगावरचा नफा एका तिमाहीत फुगतो आणि पुढच्या तिमाहीत बसतो. तडजोड मागच्या तिमाहीच्या सरासरीवर होत असेल तर मधल्या तीन महिन्यांचा फरक आपल्याच खिशातून जातो. तो वेगळ्या ओळीत दिसू दे, म्हणजे चढत्या बाजारात नेमकं किती रक्कम अडकते हे मालकाला कळतं.

विजेचं गणित याहून सोपं. राज्य वीज नियामक आयोगाचा दराचा आदेश येतो, तो कोणत्या तारखेपासून लागू हे त्यात लिहिलेलं असतं. इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण 550 ते 650 युनिट लागतात, त्यामुळे दराचा फरक बारीक नसतो. आदेश लागू झाला की त्या तारखेपासून स्टँडर्ड बदला, वाट बघण्यासारखं काही नाही. बिलात महिन्याला वरखाली होणारा इंधन समायोजन आकार मात्र स्टँडर्डमध्ये सरासरीनेच धरावा, त्याच्यामागे धावू नये. किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. तो आधीच माहीत असलेला बदल आहे, तेव्हा वर्षाच्या स्टँडर्डमध्ये दोन टप्पे सुरुवातीलाच घालून ठेवता येतात.

बाकी भावांसाठी मी एक साधी चाळणी वापरतो: बदल टिकणारा आहे का, आणि त्याने नगाची किंमत निर्णय बदलण्याइतकी हलते का. बेंटोनाइट दहा टक्क्यांनी महागलं तरी 797 मध्ये फार तर एक-दोन रुपये हलतील. एप्रिलपर्यंत थांबा. धातू सात रुपयांनी हलला तर नगाची किंमत नऊ टक्क्यांनी हलली, कोटेशन सगळी चुकीची निघणार. तिथे थांबणं परवडत नाही.

प्रमाणाचा, म्हणजे पद्धतीचा बदल मात्र वेगळा जीव आहे. इथे नियम असा, की नवी पद्धत सुरू झाली त्या दिवसापासून स्टँडर्ड बदललंच पाहिजे, पुढचा एप्रिल कितीही जवळ असो. कारण त्याच कास्टिंगवर बघू. धातूचा भाव 45 च धरू म्हणजे गोंधळ नको. मेथड्सवाल्यांनी पॅटर्न प्लेट नवी केली. आता एका पेटीत एकाऐवजी दोन हाउसिंग, रनर सामाईक. नगामागे रस 16 च्या ऐवजी 15 किलो लागतो आणि प्रक्रिया खर्च 300 वरून 270 वर येतो. पाच टक्के रिजेक्शन आणि चार टक्के घट तशीच धरून नवा हिशेब केला तर नगाला 764 रुपये येतात.

हा आकडा नीट बघा. जुन्या पद्धतीचं आदर्श स्टँडर्ड, ज्यात एकही कास्टिंग बाद होत नव्हतं, ते 765 होतं. नव्या पद्धतीत पाच टक्के बाद होऊनही आपण त्याच्या खाली आलो. आदर्श ही काही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. ती एका ठरावीक पद्धतीपुरती असते, पद्धत बदलली की तीही सरकते. नव्या पद्धतीचं आदर्श आता 734 च्या आसपास निघेल.

आता समजा स्टँडर्ड 797 च ठेवलं, मार्चपर्यंत हात लावायचा नाही म्हणून. आणि नव्या प्लेटवर काम बिघडलं, रिजेक्शन दहा टक्क्यांवर गेलं. खर्च येईल 781. रिपोर्ट म्हणेल, नगाला 16 रुपये अनुकूल, महिन्याला 80 हजारांची बचत, शाबास. प्रत्यक्षात नव्या पद्धतीत जे मिळायला हवं होतं त्याच्या तुलनेत नगाला 17 रुपये, महिन्याला 85 हजार जात आहेत. प्लेट आणि डिझाइनवर खर्च केला त्याचं फळ शेडमधला ढिसाळपणा खातोय आणि हिशेब त्याला बक्षीस देतोय. जुन्या स्टँडर्डचा हा सर्वांत छुपा तोटा. प्रतिकूल व्हेरियन्सची निदान चौकशी होते, अनुकूल व्हेरियन्सची कुणी करत नाही. म्हणून सलग तीन महिने एकाच ओळीवर अनुकूल आकडा दिसला तर माझा पहिला प्रश्न "छान, कसं केलंत?" हा नसतो. पद्धत काय बदललीय हा असतो.

नव्या पद्धतीत शिकण्याचा काळ हा आणखी एक गुंता. पहिल्या दिवसापासून पाच टक्के रिजेक्शन मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मग सुरुवातीच्या बारा टक्क्यांवरच स्टँडर्ड बसवायचं का? नाही, कारण ते तिथेच राहून जातं. त्याऐवजी तात्पुरतं स्टँडर्ड काढावं आणि त्याची मुदत आधीच लिहून ठेवावी: पहिला महिना बारा, दुसरा आठ, तिसऱ्यापासून पाच. हे टप्पे आधीच्या पॅटर्न बदलांच्या नोंदींवरून ठरवायचे. तिसऱ्या महिन्यातही आठ राहिलं तर स्टँडर्ड आठवर न्यायचं नाही. तो व्हेरियन्स तसाच उघडा राहू द्यायचा.

इथेच बदल करणं आणि सूट देणं यांतली रेघ आहे. प्रॉडक्शनकडून येणारी विनंती बहुतेक वेळा अशी असते: "पाच टक्के होत नाहीये, सहा महिने बघितलं, वास्तववादी आकडा धरा." यात भाव बदललेला नाही, पद्धत बदललेली नाही, बदललाय फक्त निकाल. निकाल चुकला म्हणून स्टँडर्ड हलवलं की ते स्टँडर्ड राहत नाही, मागच्या महिन्याची सरासरी होते. कधीकधी ती विनंती बरोबरही असते. ग्राहकाने तपासणी कडक केली, आधी चालणारा पृष्ठभागाचा दोष आता चालत नाही. किंवा कास्टिंगच्या भिंतीची जाडी कमी केली आणि कोल्ड शट, म्हणजे रस नीट न जुळल्याचे दोष, वाढले. हे खरे बदल आहेत, ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनमध्ये दिसतात. ते दाखवा आणि स्टँडर्ड बदलून घ्या. दाखवण्यासारखं काही नसेल तर सहा महिन्यांचं अपयश हे बदलाचं कारण होत नाही. पाच टक्के ठरवताना आपलीच छाननी चुकली होती असं निघालं, तरी ती चूक कोणत्या महिन्याच्या कोणत्या नोंदीत होती हे दाखवता यायला हवं.

स्टँडर्ड बदलण्याच्या दिवशी साठ्याचं काय करायचं हा प्रश्न लोक विसरतात आणि मग मार्चमध्ये ऑडिटरसमोर तो उभा राहतो. धातूचा भाव 52 धरून स्टँडर्ड 797 वरून 872 केलं, आणि त्या दिवशी गोदामात 2,000 तयार नग आहेत. सॅपसारख्या प्रणालीत नवा स्टँडर्ड भाव रिलीज केला की सगळा साठा त्या भावाने आपोआप वर जातो आणि दीड लाखांचा फरक पुनर्मूल्यांकनाच्या खात्यात पडतो. दीड लाख कुणी कमावलेले नाहीत. ते नग 45 च्या भावाच्या धातूचे असतील तर त्यांना प्रत्यक्षात 797 च्या आसपास खर्च आला, आणि खर्चापेक्षा जास्त किमतीने साठा दाखवायला परवानगी नाही. वर्षअखेरीला हा फरक आणि राहिलेले व्हेरियन्स शिल्लक साठा व विकलेला माल यांच्यात वाटून घ्यावे लागतात. महिन्याच्या मध्यावर स्टँडर्ड बदललं तर हे गणित आणखी किचकट होतं, म्हणून भावाचा बदल महिन्याच्या एक तारखेलाच करावा. पद्धतीचा बदल मात्र एक तारखेची वाट बघत नाही. नवी प्लेट 17 तारखेला चढली तर हीट नंबरवरून 17 च्या आधीचे आणि नंतरचे नग वेगळे करा, किंवा नव्या प्लेटच्या कास्टिंगला वेगळा बिल ऑफ मटेरियल, म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, द्या.

आणि जुनं स्टँडर्ड पुसू नका. एक्सेलमध्ये चालवणारे हे हमखास करतात: जुन्या सेलवर नवा आकडा टाइप केला, फाइल सेव्ह केली. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की 797 चे 764 कसे झाले, तर उत्तर द्यायला कुणी नसतं. प्रत्येक आवृत्तीला लागू तारीख, बदललेली ओळ, कारण आणि मंजुरी देणाऱ्याची सही एवढं पुरतं. कारणाच्या रकान्यात "भाव", "पद्धत" किंवा "ड्रॉइंग" यांपैकी एक शब्द असावा. चौथा शब्द कुणी लिहायला लागलं तर विचारायचं का.

शेवटी ग्राहकाची बाजू. नवी प्लेट चढवल्यावर ग्राहकाचा कॉस्टिंगवाला भेटीला आला की त्याला शेडमध्ये एका पेटीत दोन नग दिसतातच, आणि मग भाव कमी करण्याची मागणी येते. ती चुकीचीही नाही. पण त्या वेळी त्याच्यासमोर 764 चं शीट ठेवायचं नसतं. प्लेटचा खर्च वसूल व्हायचा आहे, शिकण्याचे महिने चालू आहेत. आपल्या आतल्या नियंत्रणाचं स्टँडर्ड आणि ग्राहकाशी बोलायचं शीट हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला पहिल्याच दिवशी बदलतो. दुसरा प्लेटचे पैसे वसूल झाल्यावर आणि तीन महिन्यांचं रिजेक्शन हातात आल्यावर, आणि त्यातही सगळी बचत एका हप्त्यात द्यायची नाही.